रात्रीची खाज आणि घरातली एकच ट्यूब

प्रश्न : आम्ही धनकवडीला राहतो. घरात आम्ही दोघं, सत्तरीच्या सासूबाई, वसतिगृहात राहून नववीत शिकणारा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. गणपतीच्या सुट्टीत मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला खाज होती. घामोळं असेल म्हणून मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावून तेवढ्यापुरतं बरं वाटलं. तो परत गेला. दसऱ्याच्या सुमारास मला आणि धाकटीला खाज सुरू झाली, आता सासूबाईही रात्रभर खाजवत बसतात. यांना मात्र काहीच होत नाही. दिवसा बरं असतं, अंथरुणावर पडलं की सुरू. ढेकूण समजून गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, एकही सापडला नाही. शेजारच्या काकू म्हणतात ही खरूज आहे. आमच्या घरी रोज दोन वेळा आंघोळ होते, मग खरूज कशी? आणि असलीच तर चादरी-गोधड्यांचं काय करायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या शेजारच्या काकूंचा अंदाज बहुधा बरोबर आहे. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलेल्या दोन गोष्टींवरूनच मला तसं वाटतं. एक म्हणजे खाज रात्री वाढते. दुसरी त्याहून बोलकी आहे. मुलगा गणपतीत आला आणि तुमची खाज दसऱ्याला सुरू झाली. भाद्रपद चतुर्थी ते आश्विन दशमी म्हणजे पाच आठवड्यांच्या वर एखादा दिवस. खरजेचं घड्याळ जवळपास असंच चालतं.

खरूज एका किड्यामुळे होते. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. मादी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात बोगदा करत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालत जाते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि दहा ते चौदा दिवसांत पिल्लं मोठी होतात. खाज मात्र किड्याच्या चावण्याने येत नाही. किडा, त्याची विष्ठा, त्याची अंडी यांच्याशी शरीराचं वावडं निर्माण होतं, त्याची ती खाज असते. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते त्याच्या शरीराला हे वावडं निर्माण करायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर किडा अंगावर असतो, दुसऱ्याकडे जाऊ शकतो आणि माणसाला पत्ताही नसतो. पूर्वी एकदा खरूज होऊन गेली असेल तर शरीर ओळखून असतं, मग एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

म्हणून तुमच्या यजमानांना ‘काहीच होत नाही’ यावर विसंबू नका. त्यांच्या अंगावर किडा नसेलही, पण असेल आणि अजून खाज सुरू झाली नसेल, ही शक्यता तितकीच खरी आहे. उपचार फसतो तो बहुतेक घरांत इथेच. खाजणाऱ्यांनी औषध लावलं, न खाजणाऱ्याने लावलं नाही आणि महिन्याभराने त्याच्याकडून तीच खरूज सगळ्यांना परत.

आता आंघोळीचं. खरजेचा आणि अस्वच्छतेचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. बोगद्यातला किडा साबणपाण्याने धुऊन निघत नाही. तो पसरतो कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली की. हस्तांदोलनाने सहसा नाही. शेजारी झोपल्याने, लहान मूल कडेवर घेतल्याने, हात धरून बसल्याने, तेल लावून दिल्याने. गणपतीत घरात पाहुणे असतात, हॉलमध्ये गाद्या टाकून सगळे एका ओळीत झोपतात, मुलं एकमेकांच्या अंगावर लोळतात. किड्याला आणखी काय हवं? वसतिगृहात एका खोलीत सहा-आठ मुलं, एकमेकांचे टॉवेल, एकमेकांच्या कॉटवर झोपणं, म्हणून तिथे ती लवकर पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला, त्यामागेही हीच दाटीवाटी आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाजेपोटी लोक गप्प बसतात आणि गप्प बसल्याने खरूज फिरत राहते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तरी पण खात्री कशी करायची? अंगावर पुरळ नेमकं कुठे आहे ते नीट बघा. बोटांची बेचकी, मनगटाची आतली बाजू, कोपर, काखेच्या कडा, बेंबीभोवती, कमरेला साडी-पायजमा बांधतो ती जागा, नितंबांची घडी, बायकांच्या स्तनांखाली आणि स्तनाग्रांभोवती, पुरुषांच्या जननेंद्रियावर, लहान मुलांच्या तळहातांवर आणि तळपायांवर. या जागांवर बारीक पुळ्या आणि खाजवल्याच्या खपल्या दिसल्या तर संशय बळावतो. ढेकूण चावतात ते बहुधा उघड्या अंगावर, ओळीने गांधी उठवतात, बेचक्यांत नाही. पुण्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काँग्रेस गवत आपल्या शहरात 1950च्या दशकापासून आहे आणि त्याच्या वावड्याने होणारा त्वचारोग पुण्याच्या त्वचातज्ज्ञांना चांगला परिचयाचा आहे. तो मात्र चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर येतो. खरूज नेमकी उलट, झाकलेल्या जागा धरते. शिवाय गवताने घरातली चार माणसं रात्री जागी होत नाहीत.

बोगदा स्वतः पाहायचा असेल तर बेचक्यात किंवा मनगटावर चांगल्या उजेडात शोधा. पाच-दहा मिलिमीटरची राखाडी, नागमोडी, पेन्सिलने ओढल्यासारखी पुसट रेघ असते. फाउंटन पेनाची शाई तिथे चोळायची आणि स्पिरिटच्या कापसाने पुसून टाकायची. बोगदा असेल तर शाई आत शिरून रेघ निळी उठून दिसते. सगळ्यांच्या अंगावर ती सापडत नाही, कारण साध्या खरजेत संपूर्ण अंगावर किडे असतात फार तर दहा-पंधरा. त्वचातज्ज्ञाकडे डर्मोस्कोप नावाचं भिंग असतं, त्यातून रेघेच्या टोकाशी किड्याचं तोंड काळपट त्रिकोणासारखं दिसतं. ससूनच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या त्वचातज्ज्ञाकडे एकदा सगळ्यांनी मिळून जा आणि औषध त्यांच्याकडूनच लिहून घ्या. एकाने जाऊन पाच जणांसाठी चिठ्ठी आणू नका. वय, वजन, गरोदरपण यांनुसार औषध बदलतं.

मेडिकलवाल्याने दिलेल्या त्या ट्यूबबद्दल मला काळजी वाटते. आपल्याकडे ‘खाजेची ट्यूब’ म्हणून जे मिळतं त्यात बहुतेकदा एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं औषध आणि एक जहाल स्टेरॉइड एकत्र घातलेलं असतं. स्टेरॉइडने वावडं दबतं, खाज थांबते, लाली जाते आणि किडा आपला शांतपणे वाढत राहतो. पुरळाचं रूपही असं बदलतं की नंतर डॉक्टरलाही खरूज ओळखणं अवघड जातं. मुलाला ‘तेवढ्यापुरतं बरं’ वाटलं ते यामुळेच असावं. ट्यूबवर नाव काय आहे ते डॉक्टरांना दाखवा आणि आजपासून ती बंद करा.

खरजेवर आज सर्रास वापरलं जाणारं औषध म्हणजे 5 टक्के पर्मेथ्रिनचं क्रीम. औषध चांगलं आहे, फसतं ते लावण्यात. माझ्याकडे ‘पर्मेथ्रिन लावलं, गुण आला नाही’ असं सांगत येणाऱ्या घराला मी पहिला प्रश्न विचारतो, ट्यूबा किती आणल्या होत्या? उत्तर ठरलेलं असतं, एक. तीस ग्रॅमची एक ट्यूब पाच जणांनी, तीही जिथे खाजतं तिथे. खरं तर एका मोठ्या माणसाच्या गळ्यापासून तळपायापर्यंतच्या अंगाला एका वेळेसच साधारण 30 ग्रॅम लागतात. तुमच्या घराचा हिशेब मांडू या. तुम्ही, यजमान, सासूबाई आणि मुलगा असे चौघे प्रत्येकी 30 ग्रॅम, म्हणजे 120. चार वर्षांच्या मुलीला साधारण 15. एका रात्रीचे 135 ग्रॅम. आठवड्याने पुन्हा एकदा तेवढंच. एकूण 270 ग्रॅम, म्हणजे 30 ग्रॅमच्या नऊ ट्यूबा. हे ऐकून लोकांचे डोळे विस्फारतात, पण अपुऱ्या औषधावर तीन महिने घालवण्यापेक्षा हा खर्च कमीच पडतो. ज्यांना परवडत नाही त्यांनी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारावं आणि घरात किती माणसं आहेत हे तिथे स्पष्ट सांगावं.

दुसरी रात्र का, हे समजून घ्या म्हणजे ती चुकणार नाही. औषध चालत्या किड्यांना मारतं, पण काही अंडी त्यातून वाचू शकतात. ती तीन-चार दिवसांत फुटतात. सातव्या दिवशी पुन्हा लावलं की ही पिल्लं मोठी होऊन नवी अंडी घालण्याआधीच मरतात. पहिल्या रात्रीनंतर बरं वाटलं म्हणून दुसरी टाळणं म्हणजे त्या पिल्लांना वाट मोकळी करून देणं.

शनिवारची रात्र निवडा, म्हणजे मुलाला वसतिगृहातून आणता येईल आणि रविवारी सकाळी कुणाला घाई नसेल. सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, हे माझं सांगणं दगडावरची रेघ समजा. जेवणं, भांडी, सगळं उरकल्यावर सुरुवात करा, कारण औषध लावल्यावर हात धुतले की हातावरचं औषध गेलं. नखं बारीक कापा. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, घड्याळ काढून ठेवा. मनगटावरचे दोरे आणि करदोटे सैल करून किंवा सोडून ठेवा, कारण त्यांच्याखालची बोटभर जागा हमखास सुटते. आंघोळ करायची असेल तर कोमट पाण्याने आणि अंग पूर्ण कोरडं व थंड झाल्यावरच औषध. कडकडीत आंघोळीनंतर लगेच लावलं तर ते कातडीच्या वरच्या थरात राहण्याऐवजी आत शोषलं जातं आणि कामाला येत नाही.

मग हनुवटीखालून सुरू करून तळपायापर्यंत, खाजत असो वा नसो, सगळं अंग. पाठीला दुसऱ्याने लावून द्यायचं. बेचकी, बेंबी, काख, स्तनांखाली, जांघा, जननेंद्रिय, नितंबांची घडी, गुडघ्यांमागे, पायांच्या बोटांमध्ये, तळवे. नखांखाली जुन्या टूथब्रशने लावा आणि तो ब्रश नंतर टाकून द्या. नखांखाली किडे आणि अंडी अडकलेली असतात, खाजवताना ती दुसरीकडे पोहोचतात. सासूबाईंच्या वयात आणि दोन वर्षांखालच्या बाळांत किडा डोक्यावरही जातो, म्हणून त्यांना टाळू, कपाळ, कानांमागे आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, फक्त डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. तुमच्या मुलीला चेहऱ्याला लावायचं का, हे डॉक्टर तिचं पुरळ बघून सांगतील. झोपताना तिच्या हातांत सुती मोजे घाला, म्हणजे बोटं तोंडात जाणार नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तनाग्रं पुसून घ्यावीत आणि पाजून झाल्यावर पुन्हा लावावं.

औषध अंगावर आठ ते चौदा तास राहायला हवं. रात्री दहाला लावलं तर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान आंघोळ. मध्येच रात्री बाथरूमला गेलात, हात धुतले, तर ट्यूब उशाशी ठेवून हातांना पुन्हा लावा. पहिले काही तास थोडी जळजळ होते, ती चालते.

काही घरांत डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात, वजनाच्या हिशेबाने, आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. माणसं खूप असतील किंवा लावणं जमत नसेल तर त्या उपयोगी पडतात. पण पंधरा किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या दिल्या जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका. अगदी लहान बाळ असेल तर गंधकाचं मलम हा जुना पण अजूनही वापरातला उपाय आहे, तोही विचारूनच. रॉकेल, डेटॉल, फिनेल यांतलं काहीही अंगाला लावू नका. त्याने कातडी भाजते. कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ केलीत तर चालेल, पण तिच्या भरवशावर औषध टाळू नका.

आता गोधड्या. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात आणि तो शेवटीच यायला हवा, कारण घरोघरी याचा क्रम उलटा असतो. तीन दिवस धुणं चालतं आणि औषध अर्ध्या अंगाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफिल्डला केनेथ मेलनबी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न तपासला होता. सैन्यात खरूज फोफावली होती आणि सरकार लाखो घोंगड्या निर्जंतुक करण्यात गुंतलं होतं. मेलनबीने युद्धात लढायला नकार दिलेल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेतलं आणि खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत त्यांना उघड्या अंगाने झोपवलं. इतकं करूनही खरूज झाली ती अगदी मोजक्या जणांना. प्रत्यक्ष अंगाला अंग लागून झोपण्याने मात्र ती सहज गेली. माणसाच्या अंगावरून उतरलेला किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, हे त्याचं कारण.

तेव्हा धुवायचं तेवढंच, जे गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलं आहे. रविवारी सकाळी आंघोळ झाली की सगळ्यांनी धुतलेले कपडे घालायचे आणि रात्रीच्या चादरी, अभ्रे, पांघरुणं, टॉवेल, आतले कपडे, मुलीचं रोज जवळ घेऊन झोपायचं कापडी खेळणं, सगळं बाजूला काढायचं. 50 अंश किंवा त्याहून गरम पाण्यात दहा मिनिटं राहिलं की किडा आणि अंडी मरतात. मशीन असेल तर 60 अंशांवर लावा. नसेल तर गीझरचं कडक पाणी बादलीत घेऊन त्यात कपडे बुडवून वर झाकण ठेवा. हात घालवत नाही इतकं ते गरम हवं. पावसाळ्यात वाळत नसेल तर कडक इस्त्री, शिवणींवरून दोनदा, हेही चालतं.

गोधड्या, रजया, मुलाचा स्वेटर, सासूबाईंची शाल, हे गरम पाण्यात घालता येत नाही आणि घालायची गरजही नाही. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, तोंड घट्ट बांधायचं, वर तारीख लिहायची आणि आठवडाभर गॅलरीत ठेवून द्यायचं. उपाशी किडे आपोआप मरतात. पिशवी उघडायचा दिवस म्हणजे तुमच्या दुसऱ्या औषधाची सकाळ, असं जुळवलंत तर विसरणार नाही. नुसतं उन्हात टाकण्यावर जाड गोधडीच्या बाबतीत भिस्त ठेवू नका, आतल्या थरांपर्यंत ऊब किती जाते ते सांगता येत नाही. गादीवर धुतलेली चादर घाला, सोफ्यावर तीन दिवस एक चादर पसरून ठेवा, एवढं पुरे. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नका. त्याच्या फवाऱ्याचा खरजेला उपयोग नाही आणि लहान मुलं असलेल्या घरात तो नकोच. दुसऱ्या औषधाच्या सकाळी हीच धुलाई पुन्हा एकदा, यावेळी फक्त चादरी आणि अंगावरच्या कपड्यांची.

यानंतर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही घाबराल. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीच्या थरातून हळूहळू गळून जाईपर्यंत वावडं चालूच राहतं. या काळात लोक पर्मेथ्रिन रोज लावत सुटतात, त्याने कातडी कोरडी पडून आणखी खाजते. खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, फारच त्रास असेल तर डॉक्टर खाजेची गोळी देतील. खाज दिवसेंदिवस कमी होत असेल आणि नवीन पुळी येत नसेल तर सगळं ठीक चाललं आहे. महिना उलटूनही नव्या जागी पुळ्या येत असतील तर कुणीतरी सुटलं आहे किंवा निदान दुसरं आहे, पुन्हा दाखवा. काही ठिकाणी औषधाला दाद न देणारे किडेही आढळू लागले आहेत, पण तो निष्कर्ष काढण्याआधी वरच्या प्रत्येक पायरीची उजळणी करावी.

पुळ्यांत पू झाला, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, ताप आला तर थांबू नका. खाजवलेल्या जागी शिरलेल्या जंतूंचा परिणाम पुढे मूत्रपिंडांवर होऊ शकतो, विशेषतः मुलांत. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज किंवा लघवीला चहासारखा रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. सासूबाईंच्या अंगावर खाज बेताची पण जाड, कोंड्यासारख्या खपल्या साचत असतील तर तेही लगेच दाखवा. त्या प्रकारात किडे दहा-पंधरा नसतात, हजारोंनी असतात आणि उपचार वेगळा असतो. कपडे आणि अंथरुणातून लागण होण्याचा खरा धोकाही तिथेच आहे.

राहिले घराबाहेरचे. धुणीभांडी करून जाणाऱ्या बाईंना सहसा औषधाची गरज नसते, पण सासूबाईंना तेल लावून देणाऱ्या किंवा मुलीला सांभाळणाऱ्या कुणी असतील तर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगायलाच हवं. गणपतीत मुक्कामी राहिलेल्या पाहुण्यांनाही फोन करा. पहिल्या रात्रीचं औषध लावून झालं की मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ शकतो, मात्र वसतिगृहाच्या रेक्टरांशी शनिवारच्या आधी बोला. त्याच्या खोलीतल्या मुलांनीही त्याच रात्री औषध लावलं नाही, तर दिवाळीच्या सुट्टीत तो घरी येताना किडा पुन्हा घेऊन येईल.